मुलीचे दीर्घ आजारपण आणि रजेचा अर्ज : बरे होण्याची तारीख ठाऊक नसताना मुख्याध्यापकांना काय लिहावे

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिला गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा मज्जातंतूंचा आजार झाला होता, दहा-बारा दिवस रुग्णालयात होती, आता घरी आणले आहे. पायांत अजून ताकद नाही. डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिने लागतील, नक्की सांगता येत नाही. शाळेत मराठीत रजेचा अर्ज द्यायचा आहे, पण मिळतात ते सगळे नमुने दोन दिवसांच्या तापाचे. किती रजा मागू आणि नेमके काय लिहू? (एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर :

दोन दिवसांच्या तापाचा अर्ज वाचणाऱ्याला फक्त नोंद घ्यायची असते. आपल्या अर्जाचे तसे नाही. मुलगी कधी परतेल हे आपल्यालाच ठाऊक नाही आणि तरीही त्या अर्जाच्या आधारे शाळेला तिची हजेरी, तिचे मूल्यमापन आणि तिचा अभ्यास या तिन्ही बाबतींत काही ठरवायचे आहे. म्हणून अडचण भाषेची कमी आणि मुदतीची जास्त आहे. मी पुण्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आधी वर्गशिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून काम केले. असे अर्ज माझ्या टेबलावर नेहमी येत, त्यामुळे कोणता अर्ज पुढे सरकतो आणि कोणता फायलीत नुसता पडून राहतो, ते जवळून पाहिले आहे. माझे सांगणे त्या अनुभवावर आधारलेले आहे.

अर्ज कार्यालयात दिला की लिपिक त्यावर आवक शिक्का मारतात, आवक नोंदवहीत क्रमांक घालतात आणि तो मुख्याध्यापकांपुढे ठेवतात. मुख्याध्यापक डाव्या समासात एक-दोन ओळींचा शेरा लिहितात, उदाहरणार्थ 'वर्गशिक्षिका, नोंद घ्यावी व अभ्यासाबाबत पालकांशी बोलावे'. मग अर्ज वर्गशिक्षिकेकडे जातो, हजेरीपटात त्याप्रमाणे नोंद होते आणि कागद मुलीच्या फायलीत लागतो. परीक्षेच्या वेळी परीक्षा विभागप्रमुख तीच फाईल उघडतात. म्हणजे आपला अर्ज चार जण वाचणार आहेत आणि प्रत्येकाला त्यातून वेगळी गोष्ट हवी आहे. लिपिकांना मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक हवा असतो. वर्गशिक्षिकेला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन स्वच्छ तारखा हव्या असतात. मुख्याध्यापकांना पुरावा पाहायचा असतो आणि पालक नेमके काय मागतात ते कळायला हवे असते. परीक्षा विभागाला या काळात कोणते मूल्यमापन बुडाले ते पाहायचे असते. हे चारही जण आपापली गोष्ट न शोधता उचलू शकतील, असा अर्ज लिहायचा.

घाई करण्याचे एक कारण आहे. सहा ते चौदा वयोगटातील मूल सलग एक महिन्याहून अधिक काळ शाळेत आले नाही, तर आपल्या राज्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्याची गणना शाळाबाह्य म्हणून होऊ शकते. आजारी मुलीचे नाव त्या यादीत जावे असे कोणत्याही शाळेला वाटत नाही, परंतु गैरहजेरीचे कारण कागदावर नसेल तर वर्गशिक्षिकेच्या हातात दाखवायला काही राहत नाही. आपण वर्गशिक्षिकेला फोन केला असेल, व्हॉट्सॲपवर रुग्णालयातले छायाचित्रही पाठवले असेल, तरी त्याला अर्जाचे स्थान येत नाही. दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आलेल्या एका मुलाची कागदपत्रे मला आठवतात. पालकांनी सगळे तोंडी कळवले होते, पण मधल्या काळात वर्गशिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या आणि बदली शिक्षिकेने अडीच महिने त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरी मांडली. त्याच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्राचे रकाने कोरे होते आणि ते तसे का आहेत, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

किती रजा मागावी

पालक येथे दोन टोकांना जातात. काही जण 'बरी होईपर्यंत रजा मिळावी' असे लिहितात. अशा अर्जावर मुख्याध्यापकांना मंजुरीचा शेरा लिहिता येत नाही, कारण मंजूर करायला मुदतच नसते. काही जण सावधगिरी म्हणून एकदम तीन-चार महिने मागतात आणि सोबत जोडलेले वैद्यकीय प्रमाणपत्र सहा आठवड्यांचे असते. मग अर्जातली तारीख आणि प्रमाणपत्रातली तारीख जुळत नाही, म्हणून लिपिक तो परत करतात, आणि त्यांचे ते बरोबरच असते.

माझा सल्ला असा की, गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात विश्रांती जिथपर्यंत सांगितली आहे त्या तारखेपर्यंतच रजा मागावी, आणि पुढच्याच वाक्यात ही मुदत वाढण्याची शक्यता आहे हे स्पष्ट लिहावे. एकूण अंदाज कळल्याने शाळेला तयारी करता येते आणि मंजुरीही ठोस मुदतीला मिळते. समजा, मुलगी ८ जुलैपासून शाळेत गेलेली नाही, १९ जुलैला घरी आली, आणि डॉक्टरांनी ३० ऑगस्टपर्यंत विश्रांती सांगून त्यानंतर पुन्हा तपासणीला बोलावले आहे. तर अर्ज ८ जुलै ते ३० ऑगस्ट असा करावा आणि पूर्ण बरे होण्यास सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ लागू शकतो, असे डॉक्टरांच्या हवाल्याने नमूद करावे. मधल्या गणपतीच्या किंवा इतर सुट्ट्या वजा करत बसू नये. मुदत सलगच लिहावी. मुलगी लवकर बरी झाली तर तिला आधी परत पाठवण्यास या अर्जाची आडकाठी होत नाही.

प्रमाणपत्र घेताना मात्र डॉक्टरांना थोडे सांगावे लागते, कारण रुग्णालयातून मिळणारे डिस्चार्ज कार्ड हे दुसऱ्या डॉक्टरांनी वाचण्यासाठी लिहिलेले असते. त्यात तपासण्यांचे आकडे आणि औषधांची नावे असतात, पण मुलीने शाळेत कधीपर्यंत जाऊ नये हे बहुधा नसते. आपल्याला वेगळे, एका पानाचे प्रमाणपत्र हवे आहे. त्यावर मुलीचे नाव व वय, आजाराचे नाव, उपचार सुरू झाल्याची तारीख, विश्रांतीची मुदत, पुढील तपासणीची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. ते शक्यतो उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच किंवा बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्यावे. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दवाखान्यातून आणलेले प्रमाणपत्र खोटे नसले, तरी एवढ्या मोठ्या आजाराला ते पुरेसे वाटत नाही. डिस्चार्ज कार्डाची पूर्ण प्रत शाळेला देण्याची गरज नाही. ती मुलीची खाजगी माहिती आहे, आणि शाळेची फाईल अनेक हातांतून जाते. दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख असलेले पहिले पान पुरते.

आजाराचे वर्णन किती करावे

आपल्या परिसरात हा आजार नवा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जीबीएसचे बरेच रुग्ण आढळले तेव्हा पालकांमध्ये मोठी भीती पसरली होती. ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून अर्जात आजाराचे नाव लपवण्यापेक्षा ते लिहून त्यासोबत एक आवश्यक खुलासा करणे अधिक हिताचे आहे. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. बहुतेक वेळा आधी पोटाचा किंवा श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन गेलेला असतो, पण जीबीएस स्वतः एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही. अशक्तपणा साधारणपणे पायांपासून सुरू होऊन वर चढतो आणि ताकद परत येण्यास आठवडे किंवा महिने लागतात. मुलांच्या बुद्धीवर आणि आकलनावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. संसर्ग होत नाही आणि आकलन शाबूत आहे, या दोन गोष्टी शाळेला कळणे फार महत्त्वाचे आहे. पहिलीमुळे वर्गातल्या इतर पालकांचे फोन आले तर मुख्याध्यापकांकडे उत्तर तयार असते. दुसरीमुळे मुलगी अभ्यास करू शकेल असे शिक्षक गृहीत धरतात, आणि 'बिचारी आजारी आहे, राहू दे' असे म्हणून तिला बाजूला ठेवत नाहीत.

त्यापलीकडचे, म्हणजे अतिदक्षता विभागात काय झाले, कोणती इंजेक्शने दिली, खर्च किती आला, हे अर्जात आणू नये. ते आपल्या मनात दाटलेले असणार, हे मला समजते, आणि मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा ते जरूर बोलावे. परंतु अर्जात शाळेला उपयोगी पडेल असे वर्णन म्हणजे मुलगी आज काय करू शकते आणि काय नाही एवढेच. ती उशीला टेकून किती वेळ बसते, पेन धरून किती लिहू शकते, हे एका वाक्यात आले की वर्गशिक्षिका त्यावरून अभ्यासाचे प्रमाण ठरवू शकते.

रजेशिवाय काय मागावे

दीर्घ आजारात निव्वळ रजा मागणारा अर्ज अपुरा राहतो. आपण त्यात आणखी दोन विनंत्या कराव्यात असे मला वाटते, आणि त्या स्वतंत्र परिच्छेदांत असाव्यात, म्हणजे मुख्याध्यापकांना प्रत्येकीवर शेरा देता येईल.

पहिली विनंती मूल्यमापनाची. राज्यातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धतीनुसार प्रत्येक सत्रात आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. ती साधारण दिवाळीच्या आधी येते आणि आपली मुलगी तोपर्यंत परतण्याची शक्यता आहे. खरी अडचण आकारिक भागाची आहे, कारण तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक, चाचणी, स्वाध्याय हे सगळे जुलै ते सप्टेंबर याच काळात वर्गात होत असते. त्यातली बरीच साधने मुळात लवचीक आहेत. तोंडी काम फोनवर घेता येते, प्रकल्प घरी होऊ शकतो, चाचणी परतल्यावर देता येते. पण हे सगळे शिक्षकांनी आपणहून करायचे तर त्यांना मुख्याध्यापकांच्या शेऱ्याचा आधार लागतो, आणि तो शेरा मिळवण्यासाठी विनंती अर्जातच असावी लागते. 'गुण मिळावेत' असे कधीही लिहू नये. 'मूल्यमापनाची संधी मिळावी' असे लिहावे. पहिले वाक्य शिक्षकांना खटकते, दुसऱ्याला नकार देण्याचे कारण नसते.

दुसरी विनंती अभ्यासाची. येथे माफक मागावे. 'रोजचा अभ्यास पाठवावा' ही मागणी रास्त वाटते, पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ती पहिल्या आठवड्यानंतर टिकत नाही आणि मग दोन्हीकडे नाराजी उरते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, शनिवारी, कोणते पाठ झाले आणि कोणते स्वाध्याय दिले याची यादी मिळावी असे मागावे. ती शिक्षिकेला पाच मिनिटांत देता येते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हे आपल्या मनाच्या शांतीसाठी सांगते. पहिल्या अर्जात कायद्याचे कलम लिहू नये. आपण विनंती करत आहोत आणि शाळेने अजून काहीही नाकारलेले नाही. अशा वेळी कलम वाचले की मुख्याध्यापक सावध होतात आणि सहज झाले असते ते काम वरिष्ठांच्या अभिप्रायासाठी थांबते.

आता पूर्ण अर्ज असा होईल. कंसातल्या जागा आपण भरून घ्याव्यात.

दिनांक : २१ जुलै २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे पूर्ण नाव व पत्ता), पुणे

विषय : कु. (मुलीचे पूर्ण नाव), इयत्ता ७ वी, तुकडी (अ/ब), हजेरी क्र. (…), ज. र. क्र. (…) हिला वैद्यकीय कारणास्तव दि. ८ जुलै ते ३० ऑगस्ट २०२५ या काळात रजा मिळण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, माझी मुलगी कु. (नाव) दि. ८ जुलै २०२५ पासून आजारी असल्याने शाळेत उपस्थित राहू शकलेली नाही. तिला गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचे निदान झाले असून दि. १९ जुलैपर्यंत ती रुग्णालयात दाखल होती. सध्या तिच्यावर घरी उपचार व फिजिओथेरपी सुरू आहे. डॉक्टरांनी तिला दि. ३० ऑगस्ट २०२५ पर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला आहे व त्यानंतर पुनर्तपासणी होणार आहे. पूर्ण बरे होण्यास सप्टेंबरअखेरपर्यंत कालावधी लागू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. तरी दि. ८ जुलै ते ३० ऑगस्ट २०२५ या काळातील तिची अनुपस्थिती वैद्यकीय रजा म्हणून मंजूर करावी, ही विनंती. मुदत वाढवावी लागल्यास नव्या प्रमाणपत्रासह मी वेळेत स्वतंत्र अर्ज सादर करीन.

हा आजार संसर्गजन्य नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिच्या आकलनावर त्याचा परिणाम झालेला नाही. सध्या ती आधाराने सुमारे अर्धा तास बसू शकते, वाचू शकते व तोंडी उत्तरे देऊ शकते. मात्र हातांतील ताकद कमी असल्याने सलग लिहू शकत नाही.

या काळात होणाऱ्या आकारिक मूल्यमापनापैकी जे तोंडी स्वरूपात अथवा घरून करता येईल ते करण्याची, व उर्वरित भाग ती परतल्यावर पूर्ण करण्याची संधी तिला द्यावी, ही विनंती.

तसेच आठवड्यातून एकदा, शनिवारी, वर्गात शिकवलेल्या पाठांची व दिलेल्या स्वाध्यायांची यादी वर्गशिक्षिकांकडून मिळाल्यास आम्ही घरी तिचा अभ्यास करून घेऊ. यादी नेण्यासाठी मी स्वतः शाळेत येऊ शकेन.

आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.

आपला नम्र,
(सही)
(पालकाचे पूर्ण नाव व मुलीशी नाते)
(पत्ता व मोबाइल क्रमांक)

सोबत : १) वैद्यकीय प्रमाणपत्र, दि. १९ जुलै २०२५ २) डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानाची प्रत

यातील काही निवडींमागची कारणे सांगते. विषयाची ओळ लांब आहे, कारण लिपिक नोंदवहीत फक्त तीच उतरवतात. तारखा आणि रजिस्टर क्रमांक तिथे असले की पुढे वर्षभर अर्ज शोधता येतो. ज. र. क्र. म्हणजे जनरल रजिस्टरचा क्रमांक. तो प्रगतिपुस्तकावर किंवा ओळखपत्रावर सापडेल. शेवटी 'आपला आज्ञाधारक' असे लिहू नये. तो मजकूर विद्यार्थ्याने लिहिलेल्या अर्जाचा आहे आणि नमुन्यावरून उतरवताना पालकांकडूनही तसाच राहून जातो. अर्ज आई लिहीत असेल तर 'कळवते' आणि 'आपली नम्र' असे करावे. हाताने लिहिला तरी चालतो, पण अक्षर स्वच्छ हवे आणि तो शक्यतो एकाच पानावर बसवावा. 'अर्धा तास बसू शकते' यासारखे वाक्य आपल्या मुलीची खरी स्थिती पाहूनच लिहावे. ते वाढवून लिहिले तर तिच्यावर अभ्यासाचा भार पडेल आणि कमी करून लिहिले तर अभ्यास येणारच नाही. 'संसर्गजन्य नाही' हे वाक्य डॉक्टरांनी प्रमाणपत्रातही लिहून दिले तर उत्तम.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन स्वतः जावे. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेऊन ती पोहोच म्हणून जपून ठेवावी. ही पोहोच घेताना संकोच करू नये. लिपिकांसाठी ते रोजचे काम आहे. त्याच फेरीत शक्य असेल तर मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेला भेटून शनिवारच्या यादीविषयी बोलून घ्यावे. आठवडाभरानंतर शेरा काय पडला ते विचारावे. शाळेकडून लेखी मंजुरीपत्र मिळेलच असे नाही. बहुतेक शाळांत समासातला शेरा आणि हजेरीपटातली नोंद हीच मंजुरी असते, आणि आपली पोहोच तिला पुरेशी जोड देते.

आपल्या शाळेच्या प्रकारावर येथे थोडे अवलंबून आहे. काही विनाअनुदानित आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांमध्ये अर्ज पालकांच्या ॲपवर किंवा ईमेलनेच घेतला जातो, आणि चाचण्यांची रचनाही वेगळी असते. अशा ठिकाणी हाच मजकूर पाठवावा, फक्त 'आकारिक मूल्यमापन' या जागी शाळा जो शब्द वापरते तो घालावा. इयत्तेनेही फरक पडतो. मुलगी सातवीत आहे, त्यामुळे आपल्याला थोडी मोकळीक आहे. पाचवी आणि आठवीला राज्याने २०२३ पासून वार्षिक परीक्षेची आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेची तरतूद केली आहे, म्हणून त्या वर्षी दुसऱ्या सत्रातल्या आजारपणाचा अर्ज अधिक काळजीने करावा लागतो. दहावीला तर राज्य मंडळाची ७५ टक्के उपस्थितीची अट असते आणि तिथे पहिल्या दिवसापासूनची वैद्यकीय कागदपत्रे क्रमाने लावलेली असणे अत्यावश्यक ठरते.

मुदत वाढली तर

३० ऑगस्ट जवळ येईल तेव्हा मुदत संपण्याची वाट पाहू नये. पुनर्तपासणीची तारीख शक्य झाल्यास त्या आठवड्याच्या सुरुवातीची मागून घ्यावी, म्हणजे नवे प्रमाणपत्र घेऊन शनिवारच्या आत दुसरा अर्ज देता येईल. मध्ये दोन-तीन दिवसांचा जरी खंड पडला तरी हजेरीपटात तेवढी साधी गैरहजेरी लागते आणि सलग वैद्यकीय रजेची साखळी तुटते. हा दुसरा अर्ज लहान असावा. आजाराची कहाणी पुन्हा सांगायची नाही, फक्त पहिल्या अर्जाचा संदर्भ द्यायचा :

संदर्भ : माझा दि. २१ जुलै २०२५ चा अर्ज, आवक क्र. (…)

महोदया, संदर्भीय अर्जान्वये कु. (नाव) हिला दि. ३० ऑगस्टपर्यंत रजा मिळाली होती. दि. (…) रोजी झालेल्या पुनर्तपासणीत तिच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली; तथापि चालताना अजून आधार लागत असल्याने डॉक्टरांनी दि. (…) पर्यंत विश्रांती वाढवली आहे. तरी ३१ ऑगस्टपासून त्या तारखेपर्यंत रजा वाढवून मिळावी, ही विनंती. या काळात तिने (अमुक) पाठांचे स्वाध्याय पूर्ण केले असून ते सोबत सादर करत आहे.

शेवटचे वाक्य जरूर घालावे आणि सोबत वही खरोखर द्यावी. तिच्या अक्षरातला एक परिच्छेद असो, किंवा तिने सांगितलेले आणि आपण लिहून घेतलेले उत्तर असो (तसे असेल तर वर तसे नमूद करावे), वर्गशिक्षिकेच्या हातात मूल्यमापनासाठी काहीतरी येते आणि पहिल्या अर्जातली विनंती आपोआप मार्गी लागते.

परतताना

मुलगी शाळेत येण्याजोगी झाली की शाळा फिटनेस प्रमाणपत्र मागेल. बरेच पालक 'शाळेत जाण्यास योग्य' एवढ्या एका ओळीचे प्रमाणपत्र आणतात आणि नंतर शिक्षकांकडून तिला इतरांसारखेच वागवले जाते, कारण कागद तेच सांगतो. जीबीएसमधून उठलेल्या मुलांना चालता येऊ लागल्यानंतरही बराच काळ थकवा लवकर येतो. म्हणून डॉक्टरांकडून त्या प्रमाणपत्रात मर्यादाही लिहून घ्याव्यात : सुरुवातीचे किती आठवडे अर्धा दिवस, जिने चढावेत का, शारीरिक शिक्षणाच्या तासाला आणि परिपाठाला उभे राहण्यातून सूट किती दिवस, लेखी परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागेल का. मग रुजू होण्याच्या अर्जात आपण त्या मर्यादांवरून शाळेकडे थेट मागणी करू शकता.

सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर हा मुद्दा सर्वांत आधी बोलून घ्यावा. एक तुकडी काही आठवड्यांसाठी तळमजल्यावर हलवणे ऐनवेळी कठीण जाते, पण पंधरा दिवस आधी कळवले तर चित्रकलेच्या किंवा तशाच एखाद्या खोलीशी अदलाबदल करून ते जमते. माझ्या शाळेत आम्ही तसे केले आहे. त्याचबरोबर दप्तर घरी ठेवून पुस्तकांचा दुसरा संच वर्गात ठेवण्याची परवानगी, दाराजवळचा बाक, आणि स्वच्छतागृहात जाताना सोबत एक मैत्रीण किंवा सेविका, एवढे मागावे. शेवटची गोष्ट अर्जात लिहायला मुली आणि पालक दोघेही संकोचतात, म्हणून ती वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितली तरी चालेल, पण सांगावी. मदत मागावी लागू नये म्हणून मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे मी पाहिले आहे.

रुजू होण्याच्या या अर्जावरही आवक शिक्का घेऊन तिन्ही पोहोचा आणि प्रमाणपत्रांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात, आणि पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक हाती आले की आकारिक मूल्यमापनाचे रकाने त्याच दिवशी तपासावेत. एखादा विषय कोरा दिसला तर दुसरे सत्र सुरू होताच त्या विषयाच्या शिक्षकांना भेटून राहिलेला भाग कधी घेणार ते ठरवून घ्यावे.